समोर कुणीच नसताना मुलाखत कशी द्यायची: सॉफ्टवेअर गुण देणाऱ्या व्हिडिओ मुलाखतीची तयारी

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडून किंवा थेट कंपनीकडून एक मेल येतो. त्यात एक लिंक असते आणि "पाच दिवसांच्या आत मुलाखत पूर्ण करा" असं लिहिलेलं असतं. लिंक उघडली की पलीकडे माणूस नसतो. स्क्रीनवर प्रश्न दिसतो, विचार करायला साधारण तीस सेकंद मिळतात आणि मग घड्याळ सुरू होतं. दीड, दोन किंवा तीन मिनिटांत कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं, की पुढचा प्रश्न. चार-सहा प्रश्नांत मुलाखत संपते. ती कुणी पाहिली, कधी पाहिली, की कुणी पाहिलीच नाही, हे उमेदवाराला कळत नाही.

बँकांची बॅक ऑफिसं, आयटी कंपन्यांची कॅम्पस भरती, कॉल सेंटर, विमा कंपन्या अशा ठिकाणी अर्ज हजारांनी येतात. तिथे ही पद्धत रुळली आहे. पुण्या-मुंबईतली नोकरी हवी असेल तर जळगाव किंवा सांगलीच्या मुलाला पहिल्या फेरीसाठी रात्रीची गाडी पकडावी लागत नाही, हा तिचा खरा फायदा. अडचण अशी की बहुतेक मुलं तयारी चुकीच्या जागी करतात. शर्ट कुठला घालायचा, हसायचं किती, हात कुठे ठेवायचे यात दोन दिवस जातात. सॉफ्टवेअर जे वाचतं त्याकडे मात्र कुणी बघत नाही.

सॉफ्टवेअर नेमकं काय मोजतं

या क्षेत्रातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे हायरव्ह्यू ही अमेरिकी कंपनी. तिचं सॉफ्टवेअर एके काळी चेहऱ्यावरचे हावभावही मोजायचं. त्यावर बरीच टीका झाली. 'एपिक' या खासगीपणाच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की चेहऱ्याचं विश्लेषण आम्ही मूल्यमापनातून काढून टाकलं आहे. उमेदवार काय बोलतो यातून बहुतेक माहिती मिळते आणि चेहऱ्यामुळे त्यात फारशी भर पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशा पद्धतीत साखळी साधारण अशी चालते. तुमचा आवाज आधी मजकुरात बदलला जातो. मग तो मजकूर एका मॉडेलकडे जातो. या मॉडेलला आधी शेकडो-हजारो उत्तरं दाखवलेली असतात आणि प्रशिक्षित परीक्षकांनी त्या उत्तरांना दिलेले गुणही दाखवलेले असतात. "ग्राहकाशी वागणं", "अडचण सोडवणं", "संघात काम करणं" अशा एकेका कौशल्यासाठी परीक्षकांकडे मोजपट्टी असते: कुठल्या उत्तराला एक, कुठल्याला तीन, कुठल्याला पाच. मॉडेल तीच मोजपट्टी शिकतं आणि तुमचा मजकूर तिला लावतं. शेवटी भरती करणाऱ्याच्या पडद्यावर उमेदवारांची क्रमवारी किंवा 'वरचा, मधला, खालचा' असे गट दिसतात. वरच्या गटातले व्हिडिओ माणूस उघडतो. खालच्या गटातले उघडले जातीलच याची खात्री नसते.

म्हणून ही मुलाखत देताना तुमचे वाचक दोन असतात. पहिला तुमच्या बोलण्याचा उतारा वाचतो, दुसरा नंतर कदाचित व्हिडिओ बघतो. पहिल्याकडून पुढे गेलात तरच दुसरा भेटतो.

सगळी सॉफ्टवेअर इतकी साधीसरळ नाहीत, हेही सांगायला हवं. काही अजूनही आवाजाचा चढ-उतार, बोलण्याचा वेग, व्हिडिओतलं दिसणं मोजतात, आणि तिथे निकाल विचित्र लागू शकतात. २०२१ मध्ये जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी म्युनिकच्या एका कंपनीचं असं सॉफ्टवेअर तपासलं. चष्मा लावला, डोक्याला स्कार्फ बांधला, मागे पुस्तकांचं कपाट दिसलं, की त्याच व्यक्तीच्या स्वभावाला मिळणारे गुण बदलत होते. त्याच वर्षी एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूच्या पत्रकारांनी दोन सॉफ्टवेअरना इंग्रजी मुलाखतीत चक्क जर्मन भाषेतला विकिपीडियाचा लेख वाचून दाखवला. एकाने इंग्रजीसाठी नऊपैकी सहा गुण दिले. दुसऱ्याने नोकरीशी ७३ टक्के जुळणी दाखवली, आणि त्याने तयार केलेला उतारा म्हणजे अर्थहीन इंग्रजी शब्दांची रांग होती.

तेव्हा या गुणांना फार मानू नये. पण नोकरी हवी असेल तर ते टाळताही येत नाहीत. आपल्या हातात आहे तो उतारा, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावरच आहे.

मेल आला की आधी हे पाहा

लिंक उघडण्याआधी मेल शांतपणे वाचा. प्रश्न किती, विचाराला वेळ किती, उत्तराला किती, आणि पुन्हा रेकॉर्ड करता येतं का, हे बहुतेक वेळा मेलमध्ये किंवा पहिल्या पानावर दिलेलं असतं. पुन्हा रेकॉर्ड करण्याच्या नियमात एक खोच असते. काही ठिकाणी दुसरा प्रयत्न केला की पहिला पुसला जातो आणि शेवटचाच धरला जातो. पहिलं उत्तर ठीकठाक झालं असेल आणि 'अजून छान करू' म्हणून दुसऱ्यांदा बोलायला गेलात, तर बिघडलेलं उत्तरच पुढे जाईल. मी मुलांना सांगतो की मुद्दा राहिला असेल किंवा आवाजच गेला नसेल, तरच परत रेकॉर्ड करा. जीभ एकदा अडखळली, हे कारण पुरेसं नाही.

मुदत कुठल्या देशाच्या वेळेप्रमाणे दिली आहे तेही बघा. शेवटच्या रात्रीवर काम ठेवू नका. वीज जाणं, नेट मंदावणं, ब्राउझर अडकणं यातलं काही झालं तर मदत कक्षाला मेल करून लिंक पुन्हा सुरू करून घ्यायला किमान एक कामाचा दिवस लागतो.

मेलमध्ये सॉफ्टवेअरकडून मूल्यमापन होणार की नाही ते लिहिलेलं नसेल, तर भरती विभागाला दोन ओळींत विचारता येतं: उत्तरांना गुण सॉफ्टवेअर देतं का, त्यात आवाज किंवा चेहरा मोजला जातो का, आणि शेवटचा निर्णय माणूस घेतो का. उत्तर येईलच असं नाही, पण असं विचारल्यामुळे सहसा कुणी वगळत नाही.

तोतरेपणा असेल, ऐकू कमी येत असेल, वाचायला वेळ लागत असेल, तर ते मुलाखत सुरू करण्याआधी कळवा आणि जादा वेळ किंवा माणसासमोरची मुलाखत मागा. वाणी आणि भाषेशी संबंधित दिव्यांगत्वही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोजलं जातं. रेकॉर्डिंग पाठवून झाल्यावर मागितलेली सवलत सहसा मिळत नाही.

आणि मुलाखतीसाठी पैसे मागितले, किंवा मेलचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाशी जुळत नसेल, तर लिंक उघडू नका. आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगून फसवणारेही आहेत.

प्रश्न ओळखायचे कसे

प्रश्न गुप्त असले तरी अंदाज बांधता येतो, कारण ते जाहिरातीतूनच येतात. नोकरीचं वर्णन घ्या आणि त्यातल्या कामांखाली रेघा ओढा. 'ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे', 'वेळेत अहवाल देणे', 'संघासोबत समन्वय', 'नवीन प्रणाली शिकणे' या प्रत्येकामागे एक प्रश्न दडलेला असतो. तो दोन रूपांत येतो. एक, "असा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही..." आणि दुसरं, "असं घडलं तर तुम्ही काय कराल?" शिवाय "या कंपनीत का यायचंय?" हा प्रश्न जवळपास ठरलेलाच असतो.

प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर पाठ करत बसू नका. आयुष्यातले पाच-सहा खरे प्रसंग निवडा. प्रत्येकात तुम्ही स्वतः काहीतरी केलेलं असावं आणि त्याचं काहीतरी झालेलं असावं. नोकरीचा अनुभव नसला तर घरचं दुकान, एनएसएसचं शिबिर, गणेशोत्सवाचा हिशोब, कॉलेजचा प्रकल्प, शिकवणीला येणारी मुलं यातलं काहीही चालतं. एकच प्रसंग कधी तक्रार हाताळण्याच्या प्रश्नाला लागू पडतो, कधी जबाबदारी घेण्याच्या. प्रसंग पक्का असला की प्रश्न कुठल्याही शब्दांत आला तरी गोंधळ होत नाही.

एक उत्तर उलगडून

समजा, जळगावची बी.कॉम. झालेली एक मुलगी आहे. वर्षभर तिने ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात बिलं आणि साठ्याची नोंद ठेवली. पुण्यातल्या एका बॅक ऑफिसमध्ये ग्राहक सेवेच्या जागेसाठी तिने अर्ज केला आहे. प्रश्न येतो: नाराज ग्राहकाला तुम्ही कसं हाताळलं ते सांगा. वेळ दोन मिनिटं. मुलाखत इंग्रजीत आहे, पण इथे मी उत्तरं मराठीत मांडतो.

तिचं पहिलं उत्तर असं होतं:

"मी खूप संयमी आणि मेहनती आहे. आमच्या दुकानात कधी कधी ग्राहक रागावतात. अशा वेळी आम्ही त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतो, त्यांना समजावतो आणि त्यांचा प्रश्न सोडवायचा पुरेपूर प्रयत्न करतो. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय असतं. माझ्यात उत्तम संवादकौशल्य आहे, त्यामुळे मी कुठलीही परिस्थिती हाताळू शकते."

ऐकायला गुळगुळीत आहे, माणसासमोर खपूनही गेलं असतं. पण मोजपट्टी लावणाऱ्याला यात धरायला काहीच सापडत नाही. एकही ठरावीक प्रसंग नाही. 'आम्ही' आहे, 'मी' नाही, म्हणजे हिने काय केलं ते कळत नाही. 'संयमी', 'उत्तम संवादकौशल्य' ही स्वतःबद्दलची विशेषणं आहेत, वागण्याचा पुरावा नाही. परीक्षकांच्या मोजपट्ट्या वागण्यावर बेतलेल्या असतात, आणि मॉडेल त्यांच्यावरूनच शिकलेलं असतं. अनेकांना वाटतं की जाहिरातीतले भारी शब्द उत्तरात पेरले की गुण वाढतात. शब्दांभोवती घटना नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही, आणि पुढे व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला ती चाल लगेच कळते.

तोच प्रश्न, दुसरं उत्तर:

"एका शेतकऱ्याला चुकीच्या मापाचं साहित्य गेलं होतं. मी त्याच दिवशी ते बदलून दिलं आणि पुढे अशी चूक होऊ नये अशी व्यवस्था केली. जून महिना होता, पेरणीची घाई होती. ते दुकानात आले तेव्हा खूप चिडले होते, कारण जोडणीचे सांधे त्यांच्या नळीला बसत नव्हते आणि शेतावर मजूर थांबले होते. मी आधी त्यांना बोलू दिलं. मग त्यांचं बिल मागितलं. बिलावर वीस मिलिमीटर लिहिलं होतं आणि त्यांच्या हातातले सांधे सोळा मिलिमीटरचे होते. म्हणजे चूक आमची होती, आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. आमच्याकडे वीसचे सांधे संपले होते. मी शेजारच्या दुकानात फोन करून ते मिळवले आणि मालकांना विचारून रिक्षाभाडं दुकानातर्फे दिलं. दुपारपर्यंत त्यांचं काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मापांच्या खोक्यांवर वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि माल देताना बिलावरचं माप मोठ्याने वाचायची पद्धत सुरू केली. त्या हंगामात मापाची तक्रार पुन्हा आली नाही, आणि तो शेतकरी पुढच्या खरेदीलाही आमच्याकडेच आला."

दोन्ही उत्तरांत इंग्रजी सारखंच साधं वापरता येतं. फरक आहे तो प्रसंग, स्वतःची कृती आणि परिणाम यांत. प्लेसमेंटच्या वर्गात परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम असा जो साचा शिकवतात तो इथे आहेच, पण दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत.

पहिली, परिणाम सुरुवातीच्या दोन वाक्यांतच सांगून टाकला आहे. वेळ संपली की बहुतेक सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग तिथेच तोडतं आणि वाक्य अर्धवट राहिलं तरी तसंच पाठवतं. परिणाम शेवटी ठेवणाऱ्यांचा नेमका परिणामच कापला जातो. आधी सांगितला असेल तर शेपूट तुटलं तरी उत्तर पूर्ण राहतं.

दुसरी, निम्म्याहून जास्त वेळ कृतीला दिला आहे. दोन मिनिटांतली पार्श्वभूमी वीस-पंचवीस सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडे गोष्ट मुळापासून सांगायची सवय आहे: दुकान कुणाचं, कधी सुरू झालं, आपण तिथे कसे लागलो. त्यात मिनिट जातं आणि 'मग मी काय केलं' याला तीन वाक्यं उरतात.

समजण्यासारख्या वेगात इंग्रजी बोललं तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांत फार तर तीनशे. उत्तर अडीचशे शब्दांचं धरून चाला.

उतारा तपासा: ही पायरी कुणीच करत नाही

आता या तयारीतला सर्वांत उपयोगी अर्धा तास. उत्तर बोलून दाखवा आणि यंत्राला ते लिहायला लावा. गुगल डॉक्समध्ये टूल्सच्या यादीत आवाजाने टाइप करण्याची सोय आहे. विंडोजमध्ये `Win + H` दाबलं की तेच होतं. फोनच्या कीबोर्डवरचा माइकही चालतो. भाषा 'इंग्रजी (भारत)' निवडा. कंपनीचं सॉफ्टवेअर हेच नसतं, त्यामुळे निकाल तंतोतंत जुळणार नाही, पण तुमचे कच्चे दुवे इथे बऱ्यापैकी उघडे पडतात.

आवाजाचा मजकूर करणारी यंत्रं सगळ्यांचं बोलणं सारखं ओळखत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या अशा प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी शंभरात एकोणीस शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात पस्तीस. आपल्या उच्चारांचंही काही कमी-जास्त होणारच. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा आपला उतारा स्वतः बघावा.

जळगावच्या मुलीच्या उत्तरात काय फसू शकतं ते पाहू. आकडा 'सिक्स्टीन' नीट न तुटता आला तर 'सिक्स्टी' होतो. मग सोळाऐवजी साठ मिलिमीटर लिहिलं जातं आणि गोष्टीला अर्थ उरत नाही. यावर उपाय असा की माप एकदा सांगून झाल्यावर 'मोठं माप' आणि 'लहान माप' असंच म्हणायचं. ठिबकच्या नळीला दुकानात 'लॅटरल' म्हणतात. उताऱ्यात त्याचं 'लिटरल' होऊ शकतं, म्हणून साधं 'पाइप' म्हणावं. गावाचं, दुकानाचं, माणसाचं मराठी नाव इंग्रजी वाक्यात आलं की यंत्र त्याजागी भलताच इंग्रजी शब्द बसवतं, आणि कधी कधी आजूबाजूचे दोन शब्दही बिघडवतं. 'पाचोऱ्याचे अमुक पाटील' याऐवजी 'जवळच्या गावातला एक शेतकरी' पुरतं. बचत गट, उधारी, सातबारा, तलाठी असे शब्दही इंग्रजी पर्यायाने किंवा चार शब्दांत समजावून सांगा. महाराष्ट्राबाहेरच्या परीक्षकालाही त्याने बरं पडतं.

उतारा हातात आला की तो कागदावरच्या उत्तरासारखा वाचा. चुकलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. एकच शब्द दोनदा-तीनदा बोलूनही चुकत असेल तर उच्चारावर मेहनत करत बसू नका, शब्दच बदला. परदेशी ढंगाने बोलायचा प्रयत्न तर करूच नका. त्यात वेग वाढतो, शेवटची अक्षरं गिळली जातात आणि उतारा आणखी बिघडतो. वाक्यांमध्ये छोटा थांबा घेतला की तो लक्षणीय सुधारतो. 'बेसिकली', 'ॲक्च्युअली' किती वेळा आलंय तेही दिसेल. उद्गार बऱ्याचदा गाळले जातात, हे शब्द मात्र उताऱ्यात राहतात.

तीन उत्तरांचे उतारे असे तपासले की बाकीच्यांत काय करायचं ते आपोआप कळतं. पण उत्तरं शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर एका शब्दावर अडलं की पुढचं सगळं निसटतं. प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच शब्द एका चिठ्ठीवर लिहा: 'चुकीचं माप, बिल पाहिलं, चूक आमची, शेजारचं दुकान, चिठ्ठ्या'. सराव त्यावरूनच करा, दर वेळी वाक्यं थोडी वेगळी आली तरी चालतील.

माइक, खोली आणि प्रकाश

उतारा चांगला यायचा तर आवाज स्वच्छ हवा, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा माइक महत्त्वाचा. शे-दोनशे रुपयांचे वायरवाले इअरफोन इथे महागड्या ब्लूटूथ इअरबड्सपेक्षा बहुतेक वेळा बरे ठरतात. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाज दाबला जातो. गाणी छान ऐकू येतात म्हणून माइकही छान असेल असं नाही. वायरचा माइक शर्टाच्या बटणाला किंवा ओढणीला घासणार नाही असा ठेवा, नाहीतर प्रत्येक हालचालीची खरखर रेकॉर्ड होते.

रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांचं कपाट, गादी, जाड पडदे असलेली झोपायची खोली बरी. पंखा आणि कूलर बंद ठेवा. कुकर, दारावरची घंटा, शेजारची लग्नाची तयारी यांचा अंदाज घेऊन वेळ निवडा. सकाळी लवकर शांतताही असते आणि नेटही मोकळं असतं.

खिडकी तोंडासमोर असावी, पाठीमागे नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा, लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवली की भागतं. मागे साधी भिंत असू द्या. जर्मनीतला तो पुस्तकांच्या कपाटाचा प्रकार आठवून मागे कपाट उभं करायचा मोह होईल, पण तुमचं सॉफ्टवेअर कुठलं आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि माणसाला ती सजावट वाटेल. पार्श्वभूमी धूसर करणारे फिल्टरही टाळा, कडेचे केस आणि हात त्यात गायब होतात.

लॅपटॉप नसेल तर फोनवरही होतं, पण फोन टेकवून स्थिर ठेवा आणि कॉल येणार नाही अशी सोय करा. मध्येच कॉल आला तर काही फोन माइक काढून घेतात. लॅपटॉपवर झूम किंवा टीम्स मागे उघडं राहिलं असेल तर ब्राउझरला कॅमेरा मिळत नाही आणि काळी चौकट दिसते. ही तक्रार मुलं सर्वांत जास्त वेळा आणतात, आणि ती सगळं बंद करून ब्राउझर पुन्हा उघडला की सुटते. नेटची चाचणी करताना डाउनलोड नाही, अपलोडचा वेग बघा, कारण व्हिडिओ तुमच्याकडून तिकडे जायचा असतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

बहुतेक ठिकाणी गुण न मिळणारा सरावाचा प्रश्न असतो. तो सोडू नका. त्यात स्वतःचा आवाज परत ऐकता येत असेल तर इअरफोन लावून शेवटपर्यंत ऐका. वाक्याची शेवटची अक्षरं ऐकू येतायत का, एवढंच तपासा.

खरा प्रश्न आला की दोनदा वाचा. "असा प्रसंग सांगा" म्हटलंय की "काय कराल" म्हटलंय ते ओळखा. प्रसंग विचारला असताना 'मी असं करेन' असं सांगणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि उताऱ्यात ती लपत नाही. प्रश्नाला दोन भाग असतील तर दोन्हींना उत्तर द्या. उरलेल्या सेकंदांत कागदावर प्रसंगाचं नाव आणि परिणाम लिहा. वाक्यं लिहायला वेळ नसतो.

पहिलं वाक्य प्रश्नातलेच दोन शब्द घेऊन सुरू करा, म्हणजे उत्तर कशाबद्दल आहे हे उताऱ्यात स्पष्ट राहतं. स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसत असतो आणि नजर तिकडे जाते. त्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवा, आणि कॅमेऱ्याशेजारी एक छोटा बाण. ही सोय मुख्यतः नंतर बघणाऱ्या माणसासाठी आहे.

मध्येच अडलात तर 'सॉरी, सॉरी' करत बसू नका. थांबा, "ते वाक्य पुन्हा सांगते" म्हणा आणि वाक्य पहिल्यापासून बोला. दोन-तीन सेकंदांची शांतता उताऱ्यात दिसतही नाही. मुद्दे संपले आणि अर्धा मिनिट उरला असेल तर तिथेच थांबून उत्तर बंद करा. उरलेला वेळ भरण्यासाठी केलेली पुनरुक्ती चांगल्या उत्तराला पातळ करते.

स्क्रीनवरून वाचून दाखवायचा विचार मनात आला तर सोडून द्या. काही प्रणाली दुसऱ्या खिडकीवर गेल्याची नोंद ठेवतात, आणि वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना कुणालाही दिसतात. एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचं तेच. अनेक कंपन्या ते नियमातच मना करतात, आणि समोरासमोरच्या फेरीत त्याच प्रसंगावर दोन उपप्रश्न आले की उघडं पडायला वेळ लागत नाही. तुमच्या उत्तरातले तपशील याच फेरीत पुन्हा विचारले जातात, म्हणून प्रसंगांची चिठ्ठी मुलाखत झाल्यावर जपून ठेवा.

पाठवून झाल्यावर

पोहोच मिळाल्याचा मेल आला का ते बघा. आला नाही, किंवा एखादं उत्तर अपलोड होताना अडकलं, तर त्या पडद्याचं छायाचित्र, वेळ आणि ब्राउझरचं नाव जोडून त्याच दिवशी मदत कक्षाला लिहा. मुदत संपण्याआधी केलेली तक्रार बहुतेक वेळा ऐकली जाते, नंतरची क्वचित.

गुण सहसा कळवत नाहीत. नकार आला तर कारण विचारायला हरकत नाही, पण नकारामागे सॉफ्टवेअरच होतं असं गृहीत धरू नका. जागा भरली जाणं, गुणांची अट, ठिकाण अशी कारणंही असतात.

तुमचा चेहरा आणि आवाज त्यांच्याकडे राहतो, त्याचं काय, हा रास्त प्रश्न आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात २०२० पासून कायदा आहे. तिथल्या जागेसाठी व्हिडिओ मुलाखतीचं विश्लेषण एआयने होणार असेल तर आधी सांगावं लागतं, संमती घ्यावी लागते, आणि उमेदवाराने मागणी केल्यावर ३० दिवसांत व्हिडिओ पुसावा लागतो. त्याच राज्यातल्या शिकागोत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मराठी मुलांनी हा हक्क लक्षात ठेवावा. युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी २०२५ पासून जवळपास पूर्ण बंदी आहे. पुण्यातल्या जागेला हे कायदे आपोआप लागू होत नाहीत, मग कंपनी अमेरिकी असो की जर्मन.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसायला सांगण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोवरही भरती पूर्ण झाल्यावर मेल लिहायला कुणी अडवत नाही. अर्जाचा क्रमांक द्या, "माझा व्हिडिओ, त्याचा उतारा आणि त्यावरचे गुण काढून टाकावेत आणि तसं कळवावं" असं लिहा, आणि मेल कंपनीच्या गोपनीयता धोरणात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा. व्हिडिओ बऱ्याचदा सॉफ्टवेअरवाल्या दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतो, म्हणून 'तुमच्या सेवा पुरवठादाराकडचीही प्रत' हे शब्द त्या मेलमध्ये जरूर घाला.